ठाण्यात घर घ्यावं की भाड्याने राहावं: हिशोब कसा मांडावा

"भाडं म्हणजे पाण्यात घातलेले पैसे" हे वाक्य ऐकलं की मी समोरच्याला एकच प्रश्न विचारतो: ९० लाखांच्या कर्जावर ८.५ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं व्याज किती? उत्तर आहे ६३,७५०. घोडबंदर रोडला त्याच टू बीएचकेचं भाडं ३२ हजार असेल, तर पाण्यात जास्त काय जातंय ते उघड आहे. पण म्हणून भाड्यानेच राहावं असंही नाही. हिशोब मांडायला एक संध्याकाळ लागते. बिल्डरच्या ऑफिसात बसून तो मांडू नका.

खाली कासारवडवलीच्या एका जुन्या सोसायटीतला रीसेल फ्लॅट घेतला आहे. माझ्या भाच्याने पाहिलेल्या फ्लॅटचा व्यवहार साधारण असाच होता. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. किंमत १ कोटी २० लाख. तुम्ही तुमचे आकडे घाला, पद्धत तीच राहील.

पायरी १: खिशातून एकरकमी काय जातं ते लिहा

कर्ज ७५ लाखांच्या वर असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते. म्हणजे ९० लाख कर्ज, ३० लाख तुमचे. ठाणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ८ लाख ४० हजार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट मिळते. नोंदणी फी ३० हजार, दलाली एक टक्का. एकूण जवळपास ४० लाख. रंगकाम आणि फर्निचर मी यात धरलेलं नाही. बांधकाम चालू असलेलं घर असेल तर वर ५ टक्के जीएसटी, शिवाय ताबा मिळेपर्यंत भाडं आणि हप्ता दोन्ही.

पायरी २: दर महिन्याचा फरक काढा

```
=PMT(8.5%/12,240,-9000000)
```

हा फॉर्म्युला एक्सेलमध्ये घातला की वीस वर्षांसाठी हप्ता येतो ७८,१००. मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि किरकोळ दुरुस्ती मिळून ८ हजार धरा. मालकाचा महिना ८६,१०० चा झाला. भाडेकरूचा ३२ हजार भाडं, अधिक दर काही वर्षांनी दलाली आणि सामान हलवण्याचा खर्च, तो महिन्यावर वाटला तर दोन हजार. म्हणजे ३४ हजार. आपल्याकडे मेंटेनन्स बहुतेक वेळा घरमालकच भरतो, पण करारात तसं लिहिलंय का ते बघा.

पहिल्या वर्षी फरक महिन्याला ५२,१००. भाडं दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवा, मालकाचे वरखर्चही तितकेच वाढवा, हप्ता तसाच ठेवा. दहाव्या वर्षी फरक ३७,८०० च्या आसपास उरतो. भाडं वाढत जातं आणि हप्ता वाढत नाही, हा घर घेणाऱ्यांचा मुद्दा खरा आहे. या तक्त्यात तो आपोआप धरला जातो.

पायरी ३: ४० लाखांनी काय कमावलं असतं

सगळा निकाल या पायरीवर ठरतो, आणि बरेच दिवस मीही इथेच अडकलो होतो. फॉर्म्युला सोपा आहे:

```
=FV(9%,10,0,-4000000)
```

दहा वर्षांनी उत्तर ९४ लाख ७० हजार. अवघड आहे ते त्यातले ९ टक्के. तिथे कोणता आकडा घालायचा, यावर मिळणारा बहुतेक सल्ला विकणाऱ्याचा असतो. फंड विकणारा १५ टक्के घालतो आणि घराची वाढ ४ टक्के दाखवतो. बिल्डरचा माणूस घर १० टक्क्यांनी वाढवतो आणि तुमचे ४० लाख जणू कपाटात पडून राहणार आहेत असं धरतो. दोघांच्याही तक्त्याकडे बघू नका.

माझा नियम ठाम आहे: पैसे तुम्ही खरोखर जिथे ठेवणार आहात, तिथला कर वजा जाता मिळणारा दर घाला. भाच्याला विचारलं, "आत्ता हे पैसे कुठे आहेत?" तो म्हणाला, "मामा, एफडीत. आणि थोडे सेव्हिंगमध्येच पडलेत." मग त्याने ९ टक्के लिहायचा काही संबंध नव्हता. ७ टक्क्यांची एफडी ३० टक्के कराच्या टप्प्यातल्या माणसाच्या हातात ५ टक्क्यांहूनही थोडी कमी देते. ९ टक्के लिहायचे ते मोठा भाग इक्विटी इंडेक्स फंडात ठेवणाऱ्याने, आणि बाजार ३० टक्के पडला तरी न विकणाऱ्याने. त्यालाही या दराची हमी कोणी देत नाही. इक्विटीच्या वर्षातल्या सव्वा लाखांवरच्या दीर्घकालीन नफ्याला १२.५ टक्के कर आहे, म्हणून मी फंडाच्या जाहिरातीतला दर कधीच घेत नाही.

दुसरी अट त्याहून कडक. पायरी २ मधला ५२ हजारांचा फरकही दर महिन्याला गुंतवला गेला पाहिजे, तरच तो भाडेकरूच्या बाजूला धरायचा. या उदाहरणात दहा वर्षांत तो फरक ९ टक्क्यांनी साधारण साडेअठ्ठ्याऐंशी लाख होतो, म्हणजे ४० लाखांच्या वाढीव रकमेच्या जवळपास तितकाच. पगाराच्या दुसऱ्या दिवशी एसआयपीने खात्यातून जात नसेल तर तो फरक गाडीत, गोव्यात आणि मॉलमध्ये जातो. मग भाड्याच्या बाजूला फक्त ४० लाखांची वाढ उरते आणि घर घेणारा सहज पुढे जातो. घराचा हप्ता ही सक्तीची बचत आहे. ज्याला सक्तीशिवाय बचत जमत नाही, त्याने हे स्वतःशी कबूल करून तक्ता भरावा.

दोन्ही रकमा मिळून दहा वर्षांनी भाडेकरूकडे: ९ टक्के दराने सुमारे १ कोटी ८३ लाख, ५ टक्के दराने सुमारे १ कोटी ३६ लाख.

पायरी ४: मालकाकडे काय उरलं

आधी बाकी कर्ज काढा.

```
=FV(8.5%/12,120,78104,-9000000)
```

उत्तर ६३ लाख. हा आकडा लोकांना पटत नाही, पुन्हा पुन्हा तपासतात. दहा वर्षांत जवळपास ९४ लाख भरूनही मुद्दल फक्त २७ लाखांनी कमी होते, कारण सुरुवातीच्या हप्त्यांतला मोठा भाग व्याजाचा असतो.

मग घराची किंमत. यासाठी दलालाचं मत घेऊ नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्याच इमारतीचे जुने दस्त शोधा आणि इंडेक्स टू बघा. त्यावर मोबदल्याची रक्कम आणि क्षेत्रफळ दोन्ही असतं. समजा दहा वर्षांपूर्वी तशाच फ्लॅटचा दस्त ७२ लाखांचा आहे आणि आज १ कोटी २० लाख मागतायत:

```
=RATE(10,0,-72,120)
```

वर्षाला ५.२ टक्के. जुन्या दस्तात थोडी रक्कम रोखीने गेली असण्याची शक्यता असते. तसं असेल तर खरी वाढ याहून कमीच. आणखी एक गोष्ट: पुढच्या दहा वर्षांत इमारतही दहा वर्षांनी जुनी होणार आहे, म्हणून शेजारच्या नव्या टॉवरचा दर आपल्या घराला लावू नका. मेट्रो ४ सुरू झाली की भाव दुप्पट होतील हे कासारवडवलीत प्रत्येक दलाल सांगतो. मार्ग सगळ्यांना माहीत आहे, विकणाऱ्यालाही. मागितलेल्या किमतीत तो आधीच आलेला असतो.

५ टक्के वाढ धरली तर घर १ कोटी ९५ लाखांचं होईल. त्यातून ६३ लाख कर्ज आणि विकतानाची दलाली वजा केली की मालकाचे सुमारे १ कोटी ३० लाख उरतात. ७ टक्के धरली तर १ कोटी ७० लाख.

इथे कोणीतरी म्हणेलच, की ४० लाखांवर १ कोटी २० लाखांची मालमत्ता वाढते, म्हणजे ५ टक्क्यांची वाढ तुमच्या पैशांवर १५ टक्के झाली. अर्धं खरं आहे. उरलेल्या ९० लाखांवर तुम्ही ८.५ टक्के व्याज देताय, आणि त्या ९० लाखांची मालमत्ता ५ टक्क्यांनीच वाढतेय. वरच्या तक्त्यात दोन्ही बाजू आल्या आहेत, वेगळं काही जोडायची गरज नाही.

पायरी ५: बरोबरीची रेषा शोधा

एका निकालावर थांबू नका. घराच्या वाढीचा दर हलवत राहा, दोन्ही रकमा सारख्या होईपर्यंत. या फ्लॅटसाठी भाडेकरूचे पैसे ९ टक्क्यांनी वाढत असतील, तर घर वर्षाला साधारण ७.५ टक्क्यांनी वाढलं तरच बरोबरी होते. पैसे एफडीतच राहणार असतील तर ५.३ टक्के पुरतात. घर तेच, भाडं तेच. डाउन पेमेंटचं तुम्ही काय केलं असतं, एवढ्यानेच रेषा दोन टक्क्यांहून जास्त सरकली. आता तुमच्या इमारतीचा इंडेक्स टूवरून काढलेला दर कुठे बसतो ते बघा. ५.२ टक्के असेल, तर एफडीवाल्याला दोन्ही जवळपास सारखंच आणि फंडवाल्याला भाडं बरंच स्वस्त.

"मुलांची शाळा आहे, घरमालक अकरा महिन्यांनी खाली करा म्हणाला तर?" हा प्रश्न हिशोबाबाहेरचा नाही, त्याला किंमत लावता येते. ५ टक्के वाढीला फंडवाल्या भाडेकरूची ५२ लाखांची आघाडी ९ टक्क्यांची वाढ धरून दर महिन्यावर वाटली तर साडेसत्तावीस हजार होते. स्थैर्यासाठी तेवढे द्यायचे का, हे नवरा-बायकोने बसून ठरवावं. एफडीवाल्याच्या बाबतीत ५ टक्के धरून तोच आकडा महिन्याला चार हजारांच्या आत येतो. तेवढ्यासाठी मी खुशाल घर घ्या म्हणेन.

तीन-चार वर्षांत नोकरीमुळे शहर बदलायची शक्यता असेल तर हे सगळं सोडा आणि भाड्याने राहा. मुद्रांक शुल्काचे ८ लाख ४० हजार परत मिळत नाहीत. नव्या कर प्रणालीत असाल तर स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वजावट नाही, त्यामुळे "टॅक्स वाचेल" ही ओळ खोडून टाका. जुन्या प्रणालीत असाल तर वर्षाला २ लाखांच्या व्याजापर्यंत वजावट धरा, पण मग भाड्याच्या बाजूला एचआरएची सूटही धरा. नवी मुंबईत सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवरचं घर असेल, तर हस्तांतरण शुल्क कोण भरणार ते टोकन देण्याआधी लेखी घ्या आणि पायरी १ मध्ये टाका.

भाच्याने ५० हजारांची एसआयपी सुरू केली आणि भाड्याचा करार वाढवला. पहिलं वर्ष एकही हप्ता न चुकता गेला तर तक्त्यात ९ टक्के ठेवायचे, मध्येच थांबवला तर ५ टक्के घालून पुन्हा त्याच इमारतीत फ्लॅट बघायचा, असं आमचं ठरलंय.