ऑफर हातात असताना 'अजून एक बघू'? या चुका टाळा

नोकरी बदलायला निघालेल्या पोरांना मी आधी विचारतो, किती ठिकाणी चालू आहे? 'साठेक ठिकाणी अप्लाय केलंय' असं उत्तर आलं की समजतो, धड एकाही ठिकाणी चालू नाही. अर्ज मोजू नका, चालू राउंड मोजा. आयटीत एकेका कंपनीचे तीन-चार राउंड होतात, वर एखादी असाइनमेंट. नोकरी सांभाळून माझ्याच्याने एका वेळी चारच झेपतात. पाचवा फोन आला की मी दहा दिवसांनंतरची वेळ मागतो. एचआरचा फोन आल्यावर 'कुठल्या कंपनीतून?' असं विचारावं लागलं, तर तुमचे जास्त झालेत.

एकाच कंपनीवर जीव लावून बाकी सगळं थांबवणं, हीही चूकच.

पण खरा घोळ ऑफर आल्यावर होतो. आमच्या टीममधल्या एकाचा नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा. विसाव्या दिवशी त्याला सोळा लाखांची लेखी ऑफर आली. काम आवडीचं, ऑफिस घराजवळ. त्याने होकार कळवला आणि शोध चालूच ठेवला. पन्नासाव्या दिवशी साडेसतरा लाखांची आली, तिलाही होकार! ऐंशीव्या दिवशी तिसऱ्या कंपनीचा फोन आला, 'वीसला फायनल करतोय, लेटर दोन दिवसांत येईल.' पठ्ठ्याने त्याच संध्याकाळी आधीच्या दोघांना नकाराचे मेल टाकले. शहाऐंशीव्या दिवशी कळलं, ती जागा होल्डवर गेली. पहिल्या कंपनीने तोवर दुसरा माणूस घेतला होता आणि दुसरीने फोनच उचलला नाही. अडीच महिने घरी बसून शेवटी तो साडेतेरा लाखांवर रुजू झाला.

वीसचा मोह मी समजू शकतो. पण फोनवरचा आकडा म्हणजे ऑफर नव्हे. रुजू होण्याची तारीख आणि पगाराची फोड असलेलं लेटर हातात येईपर्यंत मी कुणालाच नकार कळवत नाही.

माझी सवय जुनाट आहे. पहिल्या इंटरव्ह्यूच्या आधी वहीत तीन ओळी लिहितो: महिन्याला हातात किती हवेत, प्रवास जास्तीत जास्त किती, कुठलं काम अजिबात नको. सीटीसी लिहीत नाही, कारण त्यात व्हेरिएबल, कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी असं सगळं मिसळलेलं असतं. तिन्ही ओळींत बसणारी लेखी ऑफर आली की होकार देण्याआधी उरलेल्यांना एकच मेल जातो: 'माझ्याकडे लेखी ऑफर आहे, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. तुमचा निर्णय त्याआधी होईल का?' ज्यांना खरंच माणूस हवा असतो, ते बहुतेक वेळा राउंड अलीकडे घेतात. ऑफर नसताना हा मेल टाकू नका; एचआर सरळ लेटर दाखवा म्हणतात.

शुक्रवारी जे हातात असेल त्यातलं एक निवडतो, नोकरीच्या साइटवरचं प्रोफाइल बंद करतो. त्यानंतर येणाऱ्या फोनला 'जॉइन करतोय' एवढंच सांगतो, आकडा विचारत नाही.