आप्पांच्या फोटोंचा क्रम

तेराव्याला आप्पांचा स्लाइडशो दाखवायचा होता. फोटो तारखेनुसार लावले, तर लग्नाचा कृष्णधवल फोटो शेवटून दुसरा! जुने फोटो मी परवाच स्कॅन केलेले, त्यामुळे फाइलींवर परवाचीच तारीख. काहींच्या मागे पेन्सिलने साल होतं, बाकीचं आत्याला विचारलं. मग फाइलींना `1961_01.jpg`, `1961_02.jpg` अशी नावं दिली आणि नावानुसार लावल्या.

फोटोंखालच्या ओळी मात्र खोडतच गेलो. ‘आमचा आधारवड’ काढून ‘राजवाड्यासमोर, नवी सायकल, १९६१’ एवढंच ठेवलं. आजीला वाचायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक फोटो सात सेकंद. दवाखान्यातला फोटो काकांना हवा होता, मी वगळला. शेवटी झोपाळ्यावर पोह्यांची बशी घेऊन बसलेले आप्पा. तिथे मजकूरच नाही.