तक्त्याचं चित्र उडालंय, तरी दोन मशीनचं खराब नगांचं गणित कसं सोडवायचं

पीडीएफ फॉरवर्ड होत होत हातात येते तेव्हा मजकूर शाबूत असतो पण चित्रं गळालेली असतात, आणि नेमका आकड्यांचा तक्ता चित्रात असतो. मग गणित असं दिसतं:

एका कारखान्यात अ आणि ब ही दोन मशिनं एकच पार्ट बनवतात. एकूण मालापैकी ६० टक्के माल अ मशीनचा असतो. मालाची टक्केवारी खालील तक्त्यात दिली आहे. (इथे कोरा चौकोन.) सगळा माल एकत्र केला आणि त्यातून एक नग उचलला. एक, तो खराब असण्याची प्रॉबॅबिलिटी किती? दोन, तो खराब निघाला तर ब मशीनचा असण्याची प्रॉबॅबिलिटी किती? आणि पानाच्या तळाशी उत्तरं: ०.०३८ आणि १०/१९.

बरेच जण इथे "डेटा अपुरा" म्हणून पुढे जातात. पण वरच्या गणितात तक्त्यातले हवे ते आकडे परत मिळतात, कसे ते बघू.

आधी ठरवा, तक्त्यातून नेमकं काय हवं होतं

दोन मशीनच्या गणिताला फक्त तीन आकडे लागतात. एकूण मालात अ चा वाटा किती, अ च्या मालात खराब किती टक्के, ब च्या मालात खराब किती टक्के. ब चा वाटा वेगळा लागत नाही, शंभरातून अ चा वजा केला की झालं. रोज किती नग बनतात, मशीन किती तास चालतं, हे तक्त्यात असलं तरी उत्तराला त्याचा उपयोग नाही.

आता उरलेला मजकूर पुन्हा वाचा आणि तीनपैकी कुठला आकडा वाक्यात लपलाय ते शोधा. आपल्याकडे वाटा आहे, ६० आणि ४०. म्हणजे हरवले दोनच आकडे, आणि हातात उत्तरंही दोन आहेत. दोन अज्ञात, दोन अटी, जमायला हवं.

सूत्र बाजूला ठेवा आणि १००० नग मोजा

बेझचं सूत्र पाठ असेल तर छानच, पण आकडे गायब असताना सूत्रात कोंबायला काही नसतं, त्यामुळे मी सरळ १००० नगांचा लॉट धरतो. त्यातले ६०० अ चे, ४०० ब चे, एवढं वाक्यातूनच कळलं.

पहिलं उत्तर ०.०३८ म्हणजे १००० मध्ये ३८ नग खराब. हे ३८ दोन्ही मशीनचे मिळून.

दुसरं उत्तर १०/१९. इथे "खराब निघाला तर" ही अट आहे, म्हणून चांगले ९६२ नग नजरेआड करायचे, आपल्यासाठी आता जग म्हणजे हे ३८ नगच. त्या ३८ पैकी १०/१९ भाग ब चा, म्हणजे २० नग. उरलेले १८ अ चे.

आता टक्केवारी काढा. ब च्या ४०० मध्ये २० खराब म्हणजे ५ टक्के. अ च्या ६०० मध्ये १८ खराब म्हणजे ३ टक्के. तक्ता परत आला: अ चं रिजेक्शन ३, ब चं ५.

आता सुलट जाऊन पडताळा करायचा तर सूत्र असं:

```
P(ब | खराब) = (ब चा वाटा × ब चं रिजेक्शन)
              ÷ (अ चा वाटा × अ चं रिजेक्शन + ब चा वाटा × ब चं रिजेक्शन)
            = (०.४ × ०.०५) ÷ (०.६ × ०.०३ + ०.४ × ०.०५)
            = ०.०२० ÷ ०.०३८ = १०/१९
```

१०/१९ म्हणजे साधारण ५२.६ टक्के. ब मशीन माल कमी काढतं, तरी खराब नग हातात आला तर तो ब चा असण्याची शक्यता अर्ध्याहून थोडी जास्त. आणि हे ५२.६ म्हणजे ब चं रिजेक्शन नव्हे हां, ते ५ टक्केच आहे. "ब चा नग खराब असणं" आणि "खराब नग ब चा असणं" यांत मुलांची जितकी गल्लत होते तितकी या धड्यात दुसऱ्या कशात होत नाही.

तक्ता कुठल्या प्रकारचा होता

खरी गोची इथे आहे. "मालाची टक्केवारी" म्हटलं की टक्के कशाचे, हे तक्ता न बघता कळत नाही. एकाच कारखान्याचे तीन वेगळे तक्ते होऊ शकतात.

पहिल्या प्रकारात प्रत्येक मशीनच्या मालाचे शंभर धरलेले असतात. अ च्या ओळीत चांगले ९७, खराब ३. ब च्या ओळीत ९५ आणि ५. प्रत्येक ओळीची बेरीज १००. दुसऱ्या प्रकारात सगळ्या कारखान्याच्या मालाचे शंभर, म्हणजे अ च्या ओळीत ५८.२ आणि १.८, ब च्या ओळीत ३८ आणि २, चारही खाने मिळून १००. तिसऱ्यात फक्त खराब मालाचे शंभर, अ चे ४७.४ आणि ब चे ५२.६, आणि तसा तक्ता असेल तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच छापलेलं असतं, काही करायलाच नको. त्यामुळे असा तक्ता फारसा कोणी देत नाही.

पहिल्या दोनात फरक कसा ओळखायचा? तक्ता नसला तरी कोणाला तरी त्यातले एकदोन आकडे आठवत असतात, किंवा सोडवलेल्या उत्तरात एखादा आकडा दिसतो. तर अशी खूण धरा: पहिल्या प्रकारच्या तक्त्यात एकूण रिजेक्शन हे दोन्ही मशीनच्या रिजेक्शनच्या मधेच पडतं. ३ आणि ५, मधे ३.८. सगळा माल एकत्र केल्यावर एकूण टक्का चांगल्या मशीनच्या खाली किंवा वाईट मशीनच्या वर जाऊच शकत नाही. दुसऱ्या प्रकारात मात्र एकूण हा दोघांची बेरीज असतो, १.८ अधिक २ म्हणजे ३.८, म्हणून तो दोन्ही आकड्यांपेक्षा मोठा दिसतो.

प्रकार चुकला की उत्तर कसं बिघडतं तेही बघून ठेवा, चुकीचं उत्तर बघून चूक कुठे झाली ते ओळखता येतं. १.८ आणि २ हे आधीच एकूण मालाचे टक्के असताना त्यांना परत ६० आणि ४० ने गुणलं तर ब चं उत्तर २०/४७ येतं, म्हणजे ४२.६ टक्के. उलट ३ आणि ५ ला वाट्याने गुणायचंच राहिलं तर ५/८ येतं, ६२.५ टक्के. छापील उत्तर ५/८ असेल आणि आकडे ३ आणि ५ च असतील, तर एक शक्यता अशी की मूळ गणितात दोन्ही मशीनचा वाटा ५०-५० होता.

हातात एकच उत्तर उरलं असेल तर

समजा तळाशी फक्त ०.०३८ छापलंय. मग अ च्या रिजेक्शनची सहा दशांश आणि ब च्या रिजेक्शनची चार दशांश मिळून ३.८ टक्के, एवढंच कळतं. अशा जोड्या असंख्य आहेत. "पुस्तकात पूर्ण आकडेच असतात" असं धरलं तर तीन जोड्या उरतात: अ चे १ आणि ब चे ८, किंवा ३ आणि ५, किंवा ५ आणि २. तिन्ही ३.८ देतात, पण दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं वेगळी, अनुक्रमे १६/१९, १०/१९ आणि ४/१९. म्हणजे इथे अंदाज करून उत्तर लिहिणं म्हणजे चक्क जुगार.

उलट समजा फक्त १०/१९ उरलंय. खराब मालात ब आणि अ यांचं प्रमाण १० ला ९. वाटे ४० आणि ६० आहेत, म्हणून रिजेक्शनचं प्रमाण ५ ला ३ निघतं. प्रत्यक्ष आकडे कळत नाहीत, ते ३ आणि ५ असतील, दीड आणि अडीच असतील, ६ आणि १० सुद्धा चालतील. गंमत अशी की या तिन्हीत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेच राहतं, कारण त्याला फक्त प्रमाण लागतं. तेव्हा कोणी नुसतं "ब चं रिजेक्शन अ च्या पावणेदोनपट नाही, पाच तृतीयांश होतं बहुतेक" इतकंच सांगू शकलं तरी दुसरा प्रश्न सुटतो, पहिला मात्र सुटत नाही.

वाटाच हरवला असेल तर

६०-४० सुद्धा चित्रातच असेल आणि तळाशी दोन्ही उत्तरं असतील, तर अज्ञात तीन आणि अटी दोन. १००० मध्ये अ चे १८ आणि ब चे २० खराब, हे पक्कं. पण ते १८ किती नगांपैकी, ते माहीत नाही. अ चे ६०० धरले तर ३ आणि ५ टक्के. अ चे ९०० धरले तर २ आणि २० टक्के, तेही पूर्ण आकडेच. त्यामुळे "गोल आकडे आले म्हणजे बरोबर" हा निकष इथे फसवतो. २० टक्के रिजेक्शन असलेलं मशीन कोण चालू ठेवेल, असं म्हणून तुम्ही ६०-४० निवडाल आणि ते पटण्यासारखंही आहे, पण तो अंदाज झाला, सिद्धता नव्हे.

याउलट रिजेक्शनचे दोन्ही आकडे आणि एकूण टक्का माहीत असेल तर वाटा लगेच निघतो. ३ पासून ३.८ चं अंतर ०.८, ५ पासून १.२. ३.८ हा ३ च्या जास्त जवळ आहे म्हणजे अ चा माल जास्त, आणि वाटा अंतरांच्या उलट्या प्रमाणात, १.२ ला ०.८, म्हणजेच ६० ला ४०. फक्त दोन्ही मशीनचं रिजेक्शन सारखंच असेल तर हे चालत नाही, कारण मग वाटा काहीही असो, एकूण टक्का तोच येतो.

उत्तर लिहिताना

वहीत सर्वात वर गृहीतकाची एक ओळ लिहा: "तक्ता उपलब्ध नाही, अ चा वाटा ६० टक्के दिलेला, रिजेक्शन अ ३ टक्के, ब ५ टक्के हे छापील उत्तरांवरून काढलेलं, टक्के प्रत्येक मशीनच्या स्वतःच्या मालाचे." शेवटचा भाग गाळू नका, पुढे कोणाला मूळ तक्ता सापडला तर नेमकं तिथेच ताडून बघता येतं. आणि आकडे निघतच नसतील तर वाट्याला क, अ च्या रिजेक्शनला ख आणि ब च्या रिजेक्शनला ग म्हणा, तिन्ही दशांश रूपात, आणि उत्तर अक्षरांत सोडा:

```
P(ब | खराब) = (१ − क) × ग ÷ (क × ख + (१ − क) × ग)
```

तक्ता मिळाला की आकडे घालायचे. आणि हेच गणित पुढे कोणाला पाठवणार असाल तर तक्ता चित्रात न ठेवता दोन ओळींत टाइप करून पाठवा: "अ: वाटा ६०, खराब ३. ब: वाटा ४०, खराब ५."