विमान कंपनीच्या ऑफर लेटरवर सही करताना या चुका टाळा

नाशिकच्या सिडकोतली एक मुलगी केबिन क्रूचं ऑफर लेटर घेऊन आमच्या घरी आली. मी आठ वर्षं क्रूमध्ये काढली आहेत, म्हणून तिच्या आईनेच तिला पाठवलं होतं. बॉन्ड दीड लाखाचा, 18 महिन्यांचा. "ताई, दीड वर्ष काय, बघता बघता जाईल," ती म्हणाली. कागदावर मात्र ते दीड वर्ष नव्हतं.

बॉन्डची रक्कम वाचली, मुदत कधीपासून ते नाही

तिच्या कागदात मुदत ट्रेनिंग संपवून लाईनवर, म्हणजे नेहमीच्या उड्डाणांवर, सोडल्याच्या दिवसापासून मोजली होती. ट्रेनिंग 3 महिन्यांचं, म्हणजे बांधिलकी झाली 21 महिन्यांची. सेफ्टीच्या परीक्षेत एकदा अडकलं आणि पुढच्या बॅचमध्ये बसावं लागलं, तर त्याहून जास्त.

दुसरं कलम त्याहून महागात पडतं. काम केलेल्या महिन्यांप्रमाणे रक्कम घटते का? समजा तिने लाईनवर 10 महिने काढून नोकरी सोडली. घटती रक्कम असेल तर उरलेल्या 8 महिन्यांचे साधारण 66,700 रुपये भरावे लागतील. घटती नसेल तर पूर्ण दीड लाख. तिच्या पत्रात याबद्दल अक्षरही नव्हतं. मी तिला एचआरला ईमेल करायला लावला. फोनवर विचारलेलं पुढे कोणी कबूल करत नाही. "प्रमाणात घटेल" असं लेखी उत्तर आलं आणि तेच तिने कागदासोबत जपून ठेवलं. त्याच ईमेलमध्ये आणखी एक प्रश्न होता: मेडिकलमध्ये अनफिट ठरले किंवा प्रोबेशनमध्ये कंपनीनेच काढलं, तर बॉन्ड लागू होतो का?

"बॉन्ड कोर्टात टिकत नाही" हे क्लासमध्ये सर्रास सांगतात. त्यावर विसंबू नका. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे कोर्ट वाजवी भरपाई ठरवतं, लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. पण मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात 3 वर्षं आणि 2 लाखांची अट योग्य ठरवली. ते प्रकरण सरकारी बँकेचं होतं, तरी बॉन्ड मुळातच बेकायदा असतो हा समज त्याने खोडून काढला.

मूळ मार्कशीट ठेवून घेत असतील तर देऊ नका, पडताळणी करून परत घ्या. सही केलेला कोरा चेक तर कधीच देऊ नका. त्यावर रक्कम भरून तो बँकेत टाकला आणि परत आला, की चेक बाउन्सची केस मागे लागू शकते.

मुलाखतीत सांगितलेला पगार धरून खोली घेतली

तिला सांगितलं होतं, महिन्याला 48,000. फोड विचारली तेव्हा कळलं: ठरलेले 24,000, आणि तासाला 300 रुपयांप्रमाणे 80 तासांचे 24,000. बहुतेक कंपन्यांत हे तास विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभं राहीपर्यंतचे असतात. रिपोर्टिंग, बोर्डिंग, गेटवरची वाट पाहणं यात धरत नाहीत. आजारपण, रजा आणि स्टँडबायला घरी बसलेले दिवस जाऊन 52 तास भरले, तर हातात 39,600, कपातीच्या आधी. ट्रेनिंगचे महिने तर बहुधा नुसत्या स्टायपेंडवर. मरोळ-अंधेरीकडच्या खोलीचं भाडं त्या 39,600 मधून जमतं का ते बघा, 48,000 मधून नव्हे.

आणि खोली घ्यावीच लागते. नाशिकहून ये-जा करू असं ठरवून आलेल्या दोन मुली मी पाहिल्या आहेत. पहाटे चारच्या रिपोर्टिंगला पंचवटी एक्सप्रेस कामाची नाही, ती सकाळी नाशिकरोडला येते. स्टँडबायला फोन आला की थोड्या वेळात विमानतळावर हजर राहायचं असतं, आणि मध्ये कसारा घाट आहे.

ओझरला पोस्टिंग मिळेल म्हणून ग्राउंड स्टाफला गेले

ओझर म्हणजे नाशिकचं विमानतळ. तिथली धावपट्टी एचएएल या सरकारी विमान कंपनीच्या कारखान्याची, प्रवासी विमानं दिवसाला मोजकी. त्यामुळे माणसंही मोजकी लागतात. क्लासवाल्यांनी ओझरचा शब्द दिला तर त्याला अर्थ नाही, पोस्टिंग कंपनी ठरवते. छोट्या स्टेशनवर चेक-इन, गेट, सामानाच्या तक्रारी सगळं एकाच माणसाला करावं लागतं, म्हणून शिकायला भरपूर मिळतं. बढतीची जागा मात्र वरचा माणूस हलल्याशिवाय रिकामी होत नाही. कस्टमर सर्व्हिस एक्झिक्युटिव्हवरून सीनियर, मग ड्युटी ऑफिसर, ड्युटी मॅनेजर ही वाट मुंबईसारख्या मोठ्या स्टेशनवर मोकळी असते.

विमान कंपन्यांसाठी विमानतळावरची कामं करणाऱ्या हँडलिंग कंपन्यांच्या जाहिरातीत "फिक्स्ड टर्म" शब्द दिसला की थांबून वाचा. ती ठरावीक मुदतीची नोकरी असते. मुलाखतीत विचारायचं ते एवढंच: मुदत संपल्यावर मागच्या बॅचमधल्या किती जणांना वाढवून दिली, आणि आजचे ड्युटी ऑफिसर याच काउंटरवरून वर गेले की बाहेरून आले?