रोख्यांची शिडी लावताय? मग या चुका टाळा

बाँड लॅडर, म्हणजे रोख्यांची शिडी, समजायला पाच मिनिटं पुरतात. पैशाचे पाच सारखे भाग करायचे आणि एक, दोन, तीन, चार, पाच वर्षं मुदतीच्या रोख्यांत एकेक भाग घालायचा. दरवर्षी एक रोखा संपतो. त्याचं मुद्दल पुन्हा पाच वर्षांच्या रोख्यात, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवायचं. बाकीच्या पायऱ्या आपोआप एकेक वर्षाने खाली सरकतात. व्याजदर पडले तर त्या वर्षी फक्त पाचव्या हिश्शाला कमी दर मिळतो, चढले तर दरवर्षी एका हिश्शाला नवा दर पकडता येतो. झालं. एवढ्यात गोंधळ घालायला जागा कुठे, असं वाटेल. पण तेच ते गोंधळ मी वर्षानुवर्षं बघतोय, आणि त्यातला सगळ्यात मोठा मी स्वतः घातलेला आहे. तिथूनच सुरुवात करतो.

सुटलेलं मुद्दल चुकीच्या टोकाला ठेवणं

माझी पहिली शिडी पाच पायऱ्यांची होती. प्रत्येक पायरीवर एक लाख, आणि हिशेब सोपा राहावा म्हणून धरू की सगळे रोखे ६ टक्क्यांचे. पहिल्या वर्षाअखेर पहिला लाख सुटला. नियमाप्रमाणे तो पाच वर्षांच्या रोख्यात जायला हवा होता, तिथे ६ टक्के मिळत होते. पण त्या वेळी बाजार उलटा होता: एक वर्षाच्या रोख्यावर ७ टक्के! लांब मुदतीला कमी आणि आखूड मुदतीला जास्त. मी म्हटलं, पाच वर्षं अडकून कमी व्याज घ्यायला मी काय खुळा आहे? लाख एक वर्षासाठी ठेवला.

दुसऱ्या वर्षाअखेर तो लाख सुटला आणि शिडीची दुसरी पायरीही सुटली. हातात दोन लाख. दर तेच, म्हणून दोन्ही पुन्हा एक वर्षाला. तोवर मी स्वतःच्या हुशारीवर फारच खूश होतो. तिसऱ्या वर्षाअखेर तीन लाख एकदम मोकळे झाले आणि नेमके तेव्हाच दर कोसळले. पाच वर्षांच्या रोख्यावर ४ टक्के, एक वर्षाच्या रोख्यावर त्याहून कमी. नाइलाजाने तिन्ही लाख ४ टक्क्यांनी पाच वर्षांना गुंतवले.

आता हिशेब मांडा. लबाडीने कमावलं किती? तिसऱ्या वर्षापर्यंत आधी एका लाखावर आणि मग दोन लाखांवर १ टक्का जास्त: एक हजार अधिक दोन हजार, एकूण तीन हजार. गमावलं किती? नियम पाळला असता तर पहिला लाख सहाव्या वर्षाअखेरपर्यंत आणि दुसरा सातव्या वर्षाअखेरपर्यंत ६ टक्क्यांवर बसला असता. दर पडल्यानंतरची अनुक्रमे तीन आणि चार वर्षं, दरवर्षी लाखामागे दोन हजारांचा फरक. सहा हजार अधिक आठ हजार, म्हणजे चौदा हजार. शिवाय शिडीचा आकार बिघडला तो वेगळाच. तीन पायऱ्या आठव्या वर्षाअखेर एकाच दिवशी सुटणार होत्या.

दर चढले असते तर मी जिंकलो असतो, हे कबूल. पण मग ती शिडी नव्हती, दरांवर लावलेली पैज होती. आखूड मुदतीचा दर लांब मुदतीपेक्षा जास्त असतो, तेव्हा बहुतेक वेळा बाजार पुढे दर उतरण्याची अपेक्षा करत असतो. तो वरचा एक टक्का फुकट मिळत नाही. त्याबदल्यात पुनर्गुंतवणुकीची जोखीम आपण अंगावर घेतो.

माझी आताची सवय सांगतो, तिला पद्धत वगैरे म्हणू नका. रोखा सुटायच्या महिनाभर आधी वहीत लिहून ठेवतो, ‘हे पैसे वरच्या पायरीवर’. सुटल्यावर आठवड्याच्या आत ते काम उरकतो. दर काय आहेत ते पैसे गुंतवून झाल्यावरच बघतो, तेही बघितलेच तर. ‘थोडं थांबू, दर वाढतील’ म्हणणाऱ्या उतावळ्या नवख्यांशी आता मी वाद घालत नाही. ते थांबतात, आणि पैसे बचत खात्यात पडून राहतात.

आधीच परत केला जाऊ शकणारा रोखा पायरी म्हणून धरणं

काही रोखे कॉलेबल असतात. ठरावीक तारखेनंतर मुदतीआधीच मुद्दल परत करून मोकळं होण्याचा हक्क रोखा काढणाऱ्याकडे असतो. अशा रोख्याचा दर शेजारच्या रोख्यापेक्षा अर्धा-पाऊण टक्का जास्त दिसतो, म्हणून नवखा माणूस नेमका तोच उचलून वरच्या पायरीवर ठेवतो.

तो हक्क कधी वापरला जाईल? दर पडल्यावर, कारण जुनं महाग कर्ज फेडून नवं स्वस्त कर्ज काढता येतं. म्हणजे जो दर पुढची वर्षं टिकावा म्हणून तुम्ही लांबची पायरी घेतली, तो गरजेच्या वेळीच हातातून जातो आणि पैसे पडलेल्या दराने गुंतवावे लागतात. उलट दर चढले तर कोणी रोखा परत करत नाही, तुम्ही कमी दरात शेवटच्या दिवसापर्यंत बसून राहता. दोन्हीकडून मार.

खरेदीच्या कागदावर मुदतीच्या तारखेशिवाय दुसरी तारीख दिसली की मी तो रोखा त्या पहिल्या तारखेच्या पायरीवर लिहून बघतो, आणि परतावाही दोन्ही तारखांनी काढून त्यातला कमी तोच खरा धरतो. एवढं केल्यावर बहुतेक वेळा घ्यायची इच्छाच उरत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

भाव पडला म्हणून घाबरून विकणं. ६ टक्क्यांची ही पाच पायऱ्यांची शिडी नुकतीच लावली आणि सगळे दर लगेच ८ वर गेले, तर कागदावर तिची किंमत साधारण ५ टक्क्यांनी घटते. एक वर्षाचा रोखा शंभराचा जेमतेम ९८ होतो, पाच वर्षांचा ९२. पण रोखा काढणारा बुडाला नाही तर मुदतीला दोघांचेही शंभर मिळतात. मध्येच विकलात तरच तो तोटा खरा होतो.

म्हणून वर्षभरात लागणारा पैसा शिडीत घालूच नका.

पाचही पायऱ्या एकाच कंपनीच्या रोख्यांच्या ठेवणं. तारखा विखुरल्या, बुडायची जोखीम मात्र एका जागी गोळा झाली. जास्त व्याजाच्या मोहाने वरच्या पायरीवर कमी पत असलेला रोखा ठेवणं हाही त्याचाच भाऊ. तिथे तर वाट बघायची मुदतही सगळ्यात लांब.

थोड्या रकमेत वीस पायऱ्या करणं. छोट्या व्यवहारात खरेदी-विक्रीच्या भावांतलं अंतर मोठं पडतं आणि व्याजाचा बराचसा भाग त्यातच जातो. पाच पुरतात.

आणि नेहमीचा बाँड फंड घेऊन त्याला पायरी म्हणणं. त्या फंडाला संपण्याची तारीखच नसते, त्यामुळे अमुक दिवशी मुद्दल परत मिळेल असं त्याच्याबाबतीत म्हणताच येत नाही.