आगोटीच्या यादीत वाळवी पहिली

वैशाखात आगोटीची कामं निघतात. लाकडं फोडायची, शेणी भरायच्या, कौलं चाळायची. या यादीत वाळवीला पहिली ओळ द्या, कारण ती घरात शिरते ती बऱ्याचदा आपणच पडवीत रचलेल्या लाकडांच्या आडून. भिंतीला टेकलेला ढीग तिला काळोख देतो, ओल देतो आणि खायलाही देतो. म्हणून आधी जमिनीवर चिरे मांडा, त्यावर दोन वासे आडवे टाका आणि मग लाकडं रचा. भिंत आणि ढीग यांत हात घालून बॅटरी फिरवता येईल एवढी जागा सोडा. गेल्या वर्षीची उरलेली लाकडं तळाशी गाडू नका, ती पुढे ठेवा, म्हणजे आधी जळतील.

मग एक दुपार फक्त चौकटी पाहण्यासाठी ठेवा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चौकट खालून वर ठोकत जा. चांगलं लाकूड टणक वाजतं, खाल्लेलं पोकळ. आमच्या माजघराच्या चौकटीचा रंग अगदी शाबूत होता, पण उंबऱ्यापासून वीतभर वर नख टेकवलं तर आतच गेलं. रंगाच्या पापुद्र्यामागे नुसती माती भरलेली होती. ती चौकट आंब्याच्या लाकडाची. शेजारची फणसाची चौकट तेवढ्याच ओलीत उभी असूनही शाबूत राहिली. लाकडातून पिठासारखा भुसा गळत असेल तर मात्र ती वाळवी नव्हे, भुंगेऱ्याची कीड आहे. वाळवी लागली तर माती दिसते. उन्हाळ्यातच तांदूळही पाहून ठेवा. दाणा दाताखाली कट् करून तुटला तर तो सुकला. दबला तर आणखी दोन उन्हं द्या, नाहीतर श्रावणात सोंडे होतील.

मृगाचा पहिला पाऊस पडून संध्याकाळी उकडलं की दिव्याभोवती पंखवाले किडे गोळा होतात. चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड असेल तर ती वाळवी. मुंगीची कंबर बारीक असते आणि पुढचे पंख मोठे. बाहेरून उजेडाला आलेल्या या किड्यांना घाबरू नका, दिवे घालवून खिडक्या लावल्या की पुरे. पण बंद खोलीत, चौकटीच्या पायाशी सकाळी गळलेल्या पंखांचा ढीग दिसला तर वारूळ घराच्याच पोटात आहे असं समजा आणि ती जागा खडूने खूण करून ठेवा.

पावसात भिंतीवर पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी चढलेली दिसते. ती सगळी खरवडून त्यावर रॉकेल मारायची आपल्याकडे सवय आहे. त्याने समोरची वाळवी मरते, पण खालची दुसरी वाट काढते आणि आपल्याला ती वाट कुठे हेच कळत नाही. त्यापेक्षा नळीचा बोटभर तुकडा मोडा आणि तीन दिवसांनी पाहा. ओल्या मातीने सांधलेला असेल तर वाट चालू आहे. नाही सांधला तर काही आठवडे पाहत राहा, कारण सोडलेली नळीही भिंतीवर तशीच राहते. बाकी पावसाळ्यात आठवड्यातून एकदा परसातल्या करवंट्या आणि कुंड्यांखालच्या बशा पालथ्या करा. डेंग्यूचा डास अंड्यापासून पंखापर्यंत साधारण आठ-दहा दिवसांत तयार होतो, म्हणून आठवड्याची पाळी चुकवू नका.

औषध मात्र पावसात घालू नका. ओल्याचिंब जमिनीत ते मुरत नाही, वाहून जातं. आम्ही एकदा घाई करून श्रावणात माणूस बोलावला. त्याने भिंतीवर फवारणी केली आणि दिवाळीपर्यंत नळ्या पुन्हा उभ्या राहिल्या. भात झोडून झालं की उंदीर शेतातून घराकडे वळतात, तेव्हा कणगीखालची भोकं बुजवा. पौष-माघात जमीन सुकली की वाळवीचं काम काढा. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे दर 30 सेंटीमीटरवर 12 मिलिमीटरचं भोक पाडायचं, प्रत्येकात सुमारे 1 लिटर द्रावण हळूहळू सोडायचं आणि सिमेंटने बुजवायचं. औषध इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के असेल तर 1 लिटर पाण्याला 2.1 मिलिलिटर लागतं. समोर उभं राहून हे मोजून घ्या, कारण भोकं लांब लांब पाडली तर मधली जमीन कोरडीच राहते आणि वाळवी तिथूनच वर येते.

विहिरीकडच्या भिंतीला मात्र औषध घालू देऊ नका. आपला जांभा सच्छिद्र असतो, त्यातून पाणी झिरपत जातं. त्या बाजूची खाल्लेली चौकट काढून फणसाची किंवा सागाची बसवा, आणि तिचा पाय मातीत न पुरता चिऱ्यावर टेकवा.