पांढऱ्या केसांवर लाल आणि ऑबर्न शेड: तपकिरी आपणच घालायचा असतो

केस रंगवण्याचं काम नव्यानं शिकणाऱ्यांना शेडकार्डावर लाल शेड फार सोप्या वाटतात. कार्डावरची ती छोटी बट गडद आणि भरीव दिसते, आणि तशीच ती डोक्यावरही दिसेल असं आपण धरून चालतो. तपकिरी केसांवर ती बऱ्यापैकी तशी दिसतेही. पण तीच ट्यूब सत्तर-ऐंशी टक्के पांढऱ्या डोक्यावर लावली, की मुळं गुलाबी-केशरी चमकतात, कानशिलांवर केस आरपार दिसतात, आणि क्लायंट आरशात बघून म्हणते, "अहो, हे झाकलंच गेलं नाही!" खरं तर रंग चढलेला असतो. कमी पडलेलं असतं ते त्याच्याखालचं तपकिरी. लाल शेडवर मी सर्वात जास्त काम पांढऱ्या केसांत केलंय, म्हणून तेवढंच इथे सविस्तर सांगते.

आधी पांढऱ्या केसात काय नसतं ते बघू. काळ्या-तपकिरी केसात मेलॅनिन असतं. डेव्हलपरमधलं पेरॉक्साइड ते थोडंफार फिकं करतं, तेव्हा खालून उष्ण रंग वर येतो: गडद केसात तांबूस, मध्यम केसात केशरी, फिकट केसात पिवळा. रंगाच्या कंपन्या शेड तयार करताना हा उष्ण पाया धरून चालतात. म्हणजे आपल्याला दिसणारा अंतिम रंग हा ट्यूबमधला रंग आणि केसाचा स्वतःचा पाया यांची बेरीज असतो. पूर्ण पांढऱ्या केसात मेलॅनिनच नसतं, त्यामुळे त्या बेरजेतली एक बाजू शून्य होते. ट्यूबमध्ये जे आहे तेवढंच दिसतं. तपकिरी कागदावर आणि पांढऱ्या कागदावर एकच लाल जलरंग फिरवून बघा, फरक लगेच कळेल.

मेंदीत हे अगदी स्वच्छ बघायला मिळतं. शुद्ध मेंदीतलं लॉसोन हे एकच केशरी-लाल रंगद्रव्य केसाला चिकटतं, आणि त्यासोबत तपकिरी काहीच येत नाही. म्हणून एकाच डोक्यावर, एकाच वेळी लावलेली मेंदी काळ्या केसाला नुसती तांबूस झाक देते आणि शेजारच्याच पांढऱ्या केसाला भडक केशरी करते. नुसती लाल ट्यूब लावल्यावर जे होतं ते याच जातीचं असतं.

आता उष्ण आणि थंड शेडमधला फरक. ॲश शेडमध्ये निळा, हिरवा किंवा जांभळा जास्त असतो. केसातला केशरीपणा मारायला त्या बनवलेल्या असतात. पांढऱ्या केसात मारायला केशरी नसतोच, म्हणून ॲशचा निळसरपणा तसाच उरतो, आणि केस पाटीसारखे करडे, मंद किंवा हिरवट दिसतात. म्हणजे नुसत्या ॲशनंही पांढरा केस नीट रंगत नाही. तरीही "थंड शेड झाकते, गरम झाकत नाही" असं सर्रास म्हटलं जातं, आणि ते म्हणणं डोळ्यांना जे दिसतं त्यावर बेतलेलं आहे. निळसर रंग उजेड कमी परत पाठवतो, त्यामुळे त्याच लेव्हलची, म्हणजे कार्डावर तितक्याच गडद-फिक्या पायरीची, ॲश शेड एखाद्या लेव्हलनं गडद भासते. तांबूस शेड उजेड खेळवते, त्यामुळे ती फिकी आणि पातळ भासते.

दुसरं कारण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. ॲश उतरताना करड्याकडे जाते, आणि मुळांतून येणारा नवा केसही करडा-पांढराच असतो. दोघं एकमेकांत मिसळून जातात. लाल उतरताना केशरी किंवा पीच होतो, आणि त्याला लागून पांढरी मुळं आली, की सीमारेषा आखल्यासारखी दिसते. लाल रंग धुण्यानं आणि उन्हानं लवकर फिका पडतो, हेही खरंच आहे. त्यामुळे लाल हवा म्हणणाऱ्या क्लायंटला हे पहिल्याच भेटीत, रंग कालवायच्या आधी सांगायचं.

मग तपकिरी आणायचा कुठून? नॅचरल मालिकेतून. ज्या शेडच्या लेव्हलपुढे शून्य किंवा एन असतं, उदाहरणार्थ 5.0 किंवा 5एन, त्यात लाल, पिवळा आणि निळा हे तिन्ही संतुलित असतात, म्हणून तिचा तपकिरी स्वतःच्या पायावर उभा राहतो. नुसत्या लाल शेडमध्ये या तिघांपैकी निळा जवळपास नसतो. सर्वसाधारण अंदाज असा: केस अर्धे पांढरे असतील तर नॅचरल आणि लाल निम्मे-निम्मे, आणि त्याहून जास्त पांढरे असतील तर दोन भाग नॅचरल आणि एक भाग लाल. काही हट्टी केसांना तीन भाग नॅचरलही लागतं. शिकणाऱ्यांना इथे भीती वाटते की एवढ्या तपकिरीत लाल बुडून जाईल. तो बुडत नाही, कारण पांढऱ्या केसावर लालाचा थोडा अंशही स्वच्छ दिसतो. तपकिरी केसावर निम्मा लाल जितका दिसतो, जवळपास तितकाच पांढऱ्यावर एक तृतीयांश दिसतो.

शेडचे आकडे वाचताना मात्र जपा. पुष्कळ कंपन्यांत पॉइंटनंतरचा 4 म्हणजे कॉपर आणि 6 म्हणजे लाल, पण काहींत 4 म्हणजेच लाल आणि 6 म्हणजे जांभळा. मी खाली पहिली पद्धत धरली आहे.

एक डोकं घेऊन सगळं बघू. पुढची हेअरलाइन आणि कानशिलं साधारण ऐंशी टक्के पांढरी, मागचा भाग चाळीस टक्के, लांबीला जुना लेव्हल 5 चा तपकिरी रंग थोडा उतरलेला. घरी लाल डबा वापरून झालेला, आणि मुळं केशरी चमकली म्हणून बाई वैतागलेल्या. त्यांना हवा होता ऑबर्न, म्हणजे तपकिरीत कॉपर आणि लाल. या डोक्याला एकच वाटी पुरत नाही. पुढच्या मुळांसाठी 40 ग्रॅम 5.0 आणि 20 ग्रॅम 5.46. मागच्या मुळांसाठी दोन्ही 25-25 ग्रॅम. दोन्ही वाट्यांत 20 व्हॉल्यूम, म्हणजे 6 टक्क्यांचा डेव्हलपर, रंगाइतकाच. कंपनीनं वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच पाळायचं, पण पांढऱ्या केसांवर मिश्रण दाट राहिलेलं बरं. 40 व्हॉल्यूम घेतल्यानं पांढरं जास्त झाकलं जात नाही. उलट शेजारचे तपकिरी केस जास्त उजळतात आणि केशरी होतात, शिवाय रंग पातळ पडतो.

लावायला सुरुवात पुढून आणि कानशिलांपासून, कारण तिथला केस सहसा जास्त चिवट असतो आणि त्याला वेळ पुरा मिळायला हवा. सेक्शन अर्ध्या सेंटिमीटरचे, इतके बारीक की पलीकडचा ब्रश दिसावा. रंग ओढून पसरायचा नाही, ठेवायचा. बट दोन्ही बाजूंनी माखली पाहिजे. पांढरा केस ताठ आणि गुळगुळीत असेल, पाणीही त्यावरून ओघळत असेल, तर रंगाआधी त्या भागावर नुसता 20 व्हॉल्यूमचा डेव्हलपर दहा-पंधरा मिनिटं लावायचा, टिपून घ्यायचा आणि न धुता त्यावर रंग चढवायचा. यानं केसाचं बाहेरचं आवरण जरा मोकळं होतं.

वेळ हा लाल शेडमधला मोठा सापळा आहे. लाल लवकर दिसायला लागतो. वीस मिनिटांत मिश्रण भडक दिसतं आणि हात आपोआप बेसिनकडे जातो. तेव्हा धुतलं तर तपकिरीची खोली पुरती आलेली नसते. ट्यूबवर पांढऱ्या केसांसाठी दिलेली पूर्ण वेळ द्यायची, ती बहुधा 35 ते 45 मिनिटं असते. वाटीतला किंवा केसावरचा रंग बघून अंदाज बांधू नका. तिसाव्या मिनिटाला कानशिलाची एक बट ओल्या टिश्यूनं पुसा, ती पांढऱ्या टिश्यूवर ठेवा आणि खिडकीच्या उजेडात बघा. केसातून टिश्यूचा पांढरेपणा जाणवला किंवा कडेला गुलाबी झाक दिसली, तर त्या बटेवर पुन्हा रंग ठेवून थांबायचं. ओला केस गडद दिसतो, म्हणून पुसून जमेल तितका कोरडा करूनच निर्णय घ्यायचा.

लांबीला मुळांचं मिश्रण ओढू नका. तिथे आधीच तपकिरी आहे, नॅचरल आणखी चढवलं तर टोकं काळपट होतात. या बाईंच्या लांबीला शेवटची दहा मिनिटं नुसती 5.46, 10 व्हॉल्यूमबरोबर लावली. त्यांना लांबीही उजळ हवी होती, पण रंगावर रंग टाकून जुना रंग उजळत नाही. त्यासाठी तो आधी काढावा लागतो, ते काम वेगळं आहे आणि तसं त्यांना स्पष्ट सांगितलं. सुकवल्यावर पुढची मुळं आणि मागची मुळं एकाच ऑबर्नमध्ये होती, वाट्या वेगळ्या असूनही. खरं म्हणजे वाट्या वेगळ्या होत्या म्हणूनच.

एवढं करूनही कधी मुळं चमकतात. टाळूच्या उबेनं तिथला रंग वेगानं चालतो, हेही त्यात भर घालतं. अशा वेळी लगेच नुसती ॲश ओतायचा मोह होतो. पांढऱ्या मुळांवर नुकताच रंग झालेला असताना ॲश पटकन धरते आणि डाग पडल्यासारखा चिखल होतो. त्याऐवजी त्याच लेव्हलची नॅचरल शेड 10 व्हॉल्यूमबरोबर फक्त चमकणाऱ्या पट्ट्यावर लावा आणि पाच-पाच मिनिटांनी पुसून बघा. जे मुळात कमी पडलं होतं तेच यानं भरून निघतं.

काही डोक्यांना मी ऑबर्न सुचवत नाही, हेही सांगते. केस जवळपास शंभर टक्के पांढरे असतील आणि क्लायंटला महिन्याला मुळं करायची नसतील, तर केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो हे मी पट्टीवर दाखवते. लालाशेजारी तेवढी पांढरी रेघ खपत असेल तर पुढे जायचं. नसेल तर लेव्हल 7 च्या आसपासचा सोनेरी-तपकिरी सुचवते. तोही उष्णच, पण पांढऱ्याच्या जवळचा, त्यामुळे रेघ कमी टोचते.

नव्या क्लायंटवर काम करताना ॲलर्जीची पॅच टेस्ट 48 तास आधी करा, आणि त्याच भेटीत कानामागच्या नाही, तर कानशिलाच्या सर्वात पांढऱ्या भागातल्या लपलेल्या बटेवर शेडची चाचणी घ्या. कानामागचा केस बऱ्याचदा अजून काळाच असतो, त्यावर लाल छान दिसतो आणि फसवतो. कार्डावर त्या बटेचं मिश्रण, ग्रॅम आणि मिनिटं लिहून ठेवा. पुढच्या वेळी पांढरं वाढलेलं असेल, तर फक्त नॅचरलचा भाग वाढवायचा, लाल तेवढाच.